चमकीचा लेहेंगा, हातात फुलबाजी आणि पांढरेफटक चेहरे

प्रश्न: दिवाळीत नणंदेच्या साखरपुड्याला संध्याकाळी अंगणात फोटो काढले. तिचा टिकल्यांचा लेहेंगा होता, गालावर चमकी होती आणि शेवटी सगळ्यांनी फुलबाज्या पेटवल्या. माझा चांगला कॅमेरा आहे, वर फ्लॅश लावते. तरी लेहेंग्याच्या फोटोंत एक चेहरा पांढराफटक तर लगेच पुढचा काळपट. फुलबाजीच्या फोटोंत तर नाक-कपाळ पार उडालेलं, आणि तिथे फ्लॅश कमी करूनही काही फरक पडला नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्न आहे. काय चुकतंय?

उत्तर: तुमच्याकडे दोन वेगळे रोग आहेत आणि तुम्ही दोघांना एकच औषध देताय. लेहेंग्याच्या फोटोंत फ्लॅश कॅमेऱ्याला फसवतोय. फुलबाजीच्या फोटोंत मात्र बहुतेक दोष फ्लॅशचा नाहीच, म्हणून तो कमी करून काही झालं नाही.

आधी लेहेंगा. तुमचा फ्लॅश बहुधा टीटीएलवर आहे. त्यात खरा फ्लॅश पडण्याच्या क्षणभर आधी एक बारीक फ्लॅश पडतो, तो समोरून किती परत आला हे कॅमेरा मोजतो आणि त्यावरून खऱ्या फ्लॅशचं बळ ठरवतो. साध्या सुती साडीवर हे छान चालतं. टिकली मात्र छोटा सपाट आरसा आहे. नवरी तुमच्याकडे छाती करून उभी असेल तर पन्नास-शंभर टिकल्या तो बारीक फ्लॅश थेट लेन्समध्ये फेकतात. कॅमेरा म्हणतो, बापरे, भरपूर उजेड आहे, आणि खरा फ्लॅश आवरता घेतो. चेहरा काळपट. पुढच्याच क्षणी ती हसून बाजूला वळते, टिकल्यांचा उजेड दुसरीकडे जातो, मागे काळोखी अंगण. आता कॅमेऱ्याला वाटतं काहीच परत येत नाहीये, म्हणून तो जोर लावतो. चेहरा पांढराफटक. एकाआड एक फोटो बिघडतात ते यामुळे. यात फ्लॅश उणे एकवर नेलात तर पांढरे थोडे सावरतील आणि काळपट अजून काळे होतील, बाकी खेळ तोच.

उपाय साधा आहे, फक्त धाडस लागतं: फ्लॅश मॅन्युअलवर घ्या, म्हणजे फ्लॅशच्या पडद्यावर TTL ऐवजी M. मग टिकल्या काहीही करोत, फ्लॅशचं बळ दर फोटोला तेवढंच. पण मॅन्युअल फ्लॅश एका ठराविक अंतरालाच बरोबर असतो. २ मीटरवर बरोबर बसवलेला फ्लॅश ३ मीटरवर निम्म्याहूनही कमी पडतो, आणि तुम्ही दीड मीटरच्या आत शिरलात की जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून मी फरशा मोजतो. मांडवात उभा राहिलो की पायाखालची फरशी केवढी आहे ते बघतो आणि मनात ठरवतो, नवरीपासून चार फरश्या. तिला जवळून हवं असेल तर झूम करतो, पाय हलवत नाही. हे जमत नसेल तर मधला मार्ग म्हणजे फ्लॅश एक्स्पोजर लॉक. कॅमेऱ्याच्या मेनूत किंवा बटणावर तो FEL किंवा FV-L असा दिसेल. चौकटीचा मध्य नवरीच्या चेहऱ्यावर ठेवून ते बटण दाबलं की बारीक फ्लॅश तेव्हाच पडतो आणि चेहऱ्यावरूनच हिशोब होतो. मग चौकट नीट लावून फोटो घ्या.

आता टिकल्यांची चमक. इथे बरेच जण पोलरायझर फिल्टर घेऊन येतात. पाण्यावरची, काचेवरची तिरपी चमक त्याने जाते, पण धातूचा मुलामा दिलेल्या टिकलीवर त्याचा फारसा जोर चालत नाही, आणि वर दीड-दोन स्टॉप उजेड तो खाऊन टाकतो; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. संध्याकाळी ही चैन परवडत नाही. पैसे वाचवा.

खरी चावी फ्लॅशच्या आकारात आहे. टिकलीत आपल्याला फ्लॅशचंच प्रतिबिंब दिसतं. फ्लॅशचं डोकं साधारण ४ बाय ७ सेंटिमीटर, म्हणजे २८ चौरस सेंटिमीटरचा तुकडा. चेहऱ्यावर हवा तेवढा सगळा उजेड एवढ्याशा तुकड्यातून यायचा, तर तो तुकडा भयंकर तेजस्वी असणारच. आता तोच उजेड ६० बाय ६० च्या सॉफ्टबॉक्समधून आला तर ३६०० चौरस सेंटिमीटरवर पसरला. चेहऱ्याला मिळतो तेवढाच, पण टिकलीत दिसणारं प्रतिबिंब शंभराहून जास्त पटीने मंद. जास्त टिकल्या उजळतील, पण डोळ्यात टोचणारा ठिपका एकही नसेल. सॉफ्टबॉक्स नसेल तर पांढरं छत किंवा पांढरी भिंत आहेच, फ्लॅशचं तोंड तिकडे करा. अंगणात छत नसतं, तेव्हा कुणाला तरी पांढरी छत्री धरून तुमच्या डाव्या हाताला दोन पावलं उभं करा. फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून छत्रीत न्यायला एक रिमोट ट्रिगर लागतो, तेवढा घ्याच. लग्नघरात छत्री धरायला एखादा भाचा मिळतोच, त्याला फक्त सांगून ठेवायचं की जेवणाच्या पंगतीकडे बघायचं नाही.

बाजूला नेलेल्या फ्लॅशचा दुसरा फायदा म्हणजे आरशाचा नियम आपल्या बाजूने येतो. टिकली १० अंशांनी फिरली की तिच्यातलं प्रतिबिंब २० अंशांनी सरकतं. म्हणून नवरीला थोडीशीच तिरकी केली, खांदा तुमच्याकडे आणि नजर कॅमेऱ्याकडे, तरी समोरचा झगमगाट बराच ओसरतो. हे सपाट शिवलेल्या टिकल्यांना लागू. वाटीसारख्या खोलगट टिकल्या कुठल्याही कोनातून काही ना काही पकडतातच, त्यांना फिरवून फायदा नाही, तिथे मोठा प्रकाशस्रोत हाच इलाज.

चमक पूर्ण मारू मात्र नका. नवरी अल्बममध्ये स्वतःचा चेहरा बघते, तिची आई लेहेंगा बघते, आणि लेहेंगा मेणचट दिसला तर फोन आईचाच येतो. मी चेहऱ्याला मऊ उजेड देतो आणि मागून, नवरीच्या खांद्याच्या वरून, एक छोटा उघडा फ्लॅश अगदी कमी बळावर टाकतो. तो चेहऱ्यावर पडत नाही, फक्त कडेच्या टिकल्या लुकलुकवतो. संगीतात डीजेचे दिवे हे काम फुकट करतात.

एक विचित्र गोष्ट कधीतरी दिसेल: हनुवटीखाली आणि गळ्यावर पांढरे ठिपके, जणू कुणी उजेडाचे तांदूळ उधळलेत. ते दागिन्यांचं काही नसतं. टिकल्यांनी फ्लॅशचा उजेड वर चेहऱ्यावर फेकलेला असतो. ओढणी हनुवटीच्या जवळ असली की हे हमखास होतं. ओढणी चार बोटं खाली घ्या, ठिपके जातील. एडिटिंगमध्ये ते एकेक काढत बसण्यात अर्धी रात्र जाते, मी काढलेत.

गालावरच्या चमकीबद्दल. ती अभ्रकासारखी बारीक चकचकीत पूड असते आणि कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने गालाचं हाड पांढरं होतं. फ्लॅश बाजूला नेला की निम्मं दुखणं जातं. पण आधी एक तपासा: चेहरा पांढरा आणि गळा, हात मात्र बरोबर रंगाचे, असं आहे का? तसं असेल तर तुमचं एक्स्पोजर चुकलेलंच नाही. काही पावडरींतला सिलिका आणि सनस्क्रीनमधला झिंक किंवा टायटॅनियम ऑक्साइड फ्लॅशचा उजेड परत फेकतो आणि चेहऱ्यावर पिठासारखा थर दिसतो. आरशात किंवा ट्यूबलाइटमध्ये तो दिसत नाही, म्हणून मेकअपवाली ताईही गोंधळते. मेकअप झाला की तिथेच मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून दोघींनी बघा. त्या वेळी पावडर झटकता येते, दोन तासांनी येत नाही.

आता फुलबाजी, म्हणजे तुमच्या प्रश्नातला अवघड भाग.

फुलबाजीतून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे जळणारे लोखंडाचे बारीक कण. तिचा उजेड तुमच्या फ्लॅशचं ऐकत नाही, कारण तो फ्लॅशचा नाही. तो चेहऱ्याच्या अगदी जवळ असतो आणि अंतराबरोबर झपाट्याने बदलतो. फुलबाजी चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर असताना जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौपट ३० सेंटिमीटरवर पडतो. चौपट म्हणजे दोन स्टॉप. लोक फोटोसाठी नेमकं काय करतात? फुलबाजी गालाशी आणतात, कारण जवळ छान दिसेल असं वाटतं.

तुमच्या फोटोचा हिशोब करून बघू. समजा हात लांब करून धरलेल्या फुलबाजीला चेहरा नीट येतो एफ २.८, १/१२५ आणि आयएसओ १६०० वर. (फुलबाजीगणिक हे थोडं इकडेतिकडे होतं, पण सुरुवात इथून करा.) आता कॅमेरा ऑटोवर आहे. चौकटीचा बहुतेक भाग काळोखी अंगण आहे, फुलबाजी त्यात लहानशी. कॅमेरा अंधार उजळायला जातो आणि १/६० व आयएसओ ३२०० निवडतो. शटर दुप्पट उघडं, आयएसओ दुप्पट, म्हणजे दोन स्टॉप जास्त. नणंदेने फुलबाजी ३० सेंटिमीटरवर आणली, आणखी दोन स्टॉप. एकूण चार, म्हणजे हवा होता त्याच्या सोळापट उजेड चेहऱ्यावर नोंदला गेला. वर फ्लॅशही पडला, पण या सोळापटीपुढे तो भर नाहीच. तुम्ही फ्लॅश कमी केलात आणि फरक पडला नाही, तो यामुळे.

चार स्टॉप एडिटिंगमध्ये परत येत नाहीत. रॉ फाइल असेल तर एखादा स्टॉप, कधी जरा जास्त, वाचतो. जेपीईजीमध्ये तेवढाही नाही. कपाळाची जागा एकदा पूर्ण पांढरी झाली की हायलाइटचा स्लायडर खाली ओढून तिथे त्वचा येत नाही, राखाडी ठिगळ येतं. मी हे शिकलो ते माझ्याच चुकीने. सुरुवातीच्या काळात एका हळदीच्या रात्री सगळा रोल डिजिटलवर, ऑटोवर, मागच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसत होते. अंधारात तो पडदा फार उजळ भासतो आणि सगळं चांगलंच वाटतं. घरी येऊन बघितलं तर नवरीच्या कपाळावर चाळीसेक फोटोंत हळदच नव्हती, नुसता पांढरा डाग. तिला ते सांगायला गेलो तो दिवस मी अजून विसरलो नाही.

म्हणून फुलबाजीला कॅमेरा मॅन्युअलवरच. शटर, अॅपर्चर, आयएसओ तिन्ही आपण ठरवायची, ऑटो आयएसओ बंद. आणि इथे एक गोष्ट आहे जी कळली की सगळं हातात येतं.

ठिणगी पळत असते. सेन्सरवरच्या एका बिंदूवरून ती क्षणात निघून जाते, शटर पुढे कितीही वेळ उघडं राहो. म्हणून ठिणग्यांच्या रेषा किती उजळ येणार हे अॅपर्चर आणि आयएसओ ठरवतात. शटर फक्त रेषा किती लांब आणि किती जास्त हे ठरवतं. चेहरा मात्र जागच्या जागी आहे. शटर जितका वेळ उघडं तितका तो उजळत जातो. म्हणजे चेहरा आणि ठिणग्या यांचं प्रमाण शटरने बदलता येतं. चेहरा जास्त उजळतोय आणि ठिणग्या छान आहेत? शटर १/१२५ वरून १/२५० करा. चेहरा एक स्टॉप उतरेल, ठिणग्यांची चमक जवळपास तशीच राहील, फक्त रेषा आखूड होतील. उलट चेहरा मंद आणि ठिणग्या ठीक असतील तर १/६० वर या. आयएसओ कमी केलात तर दोन्ही एकदम मंदावतात आणि फुलबाजी विझत आल्यासारखी दिसते. फार खाली, १/३० च्या आसपास गेलात की हात आणि हसणारा जबडा हलतो. लहान मुलं असतील तर १/१२५ च्या खाली जाऊच नका.

फुलबाजीचं जळतं टोक मात्र एकाच जागी असतं, ते पांढरं होणारच. होऊ द्या. फोटोत काय जळायला हरकत नाही हे आधी ठरवून टाकायचं असतं. फुलबाजीचं टोक आणि टिकल्यांचे बिंदू जळाले तर चालतं, त्वचा जळली तर नाही. कॅमेऱ्यात उडालेला भाग लुकलुकवून दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा, पण फक्त कपाळ, नाक आणि गाल बघा.

यातही एक फसवणूक आहे. फुलबाजीचा उजेड पिवळा-नारिंगी असतो, त्यामुळे त्वचेत लाल रंग सगळ्यात आधी भरून जातो. एकूण उजळपणाचा आलेख ठीक दिसत असतो आणि तरी गाल सपाट नारिंगी चकतीसारखा येतो, त्यावर ना खळी ना छिद्रं. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन आलेख वेगळे दाखवायची सोय असेल तर ती लावा आणि लाल उजव्या भिंतीला चिकटलेला नाही ना तेवढं पाहा. चिकटला असेल तर शटर आणखी एक पायरी वर.

फ्लॅश लावायचाच का? लावायचा, पण नावापुरता. फुलबाजीने चेहरा आधीच बरोबर उजळलाय. त्यावर तेवढाच फ्लॅश टाकला तर दोन बरोबर मिळून एक चूक होते, चेहरा पूर्ण एक स्टॉप वर जातो. त्याच फ्लॅशचा पाव भाग टाकला तर चेहरा जेमतेम तिसरा हिस्सा स्टॉप वाढतो, आणि फुलबाजी न पोचणारी बाजू, लेहेंग्याचा खालचा भाग, मागची माणसं थोडी दिसायला लागतात. फ्लॅशचं बळ १/३२ किंवा १/६४ पासून सुरू करा आणि वर जा. बहुतेक कॅमेऱ्यांवर फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नीट चालत नाही. शटरने चेहरा सावरायची मर्यादा तिथे येते, मग फुलबाजीच लांब धरायला सांगा.

लांब धरायला मी तसंही सांगतो, आणि फोटोसाठी नाही. ठिणगीचा कण हजार अंशांहून जास्त तापलेला असतो. टिकल्यांचा लेहेंगा बहुतेकदा नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या जाळीवर असतो, ती पेटते आणि वितळून अंगाला चिकटते. हात पूर्ण सरळ, फुलबाजी समोर नव्हे तर जरा बाजूला आणि ओढणी खोचलेली. विझलेल्या तारा टाकायला पाण्याची बादली. यात फोटोचंही भलं होतं: ६० सेंटिमीटरवर चेहरा एकसारखा उजळतो, ३० वर नाक उडतं आणि कान काळा राहतो.

फुलबाजी पाऊण-एक मिनिट जळते, पहिले काही क्षण ती सापडत नाही आणि शेवटी मंदावते. म्हणून एकीच्या फुलबाजीवर सेटिंग लावा, ती वाया जाऊ द्या. दुसरी पेटली की फोटो. लग्नात प्रवेशाच्या वेळी कोल्ड पायरो, म्हणजे ठिणग्यांची कारंजी, लावणार असतील तर तो खेळ त्याहूनही थोडक्यात आटोपतो आणि दुसरी संधी नाही. ती लावणाऱ्या माणसाला आधीच गाठा, तालमीला एक कारंजं उडवायला सांगा आणि एखाद्या करवलीला नवरीच्या जागी उभी करून सेटिंग पक्कं करा. तिथे धूर असतो, आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश धुरावर पडला की सगळं दुधाळ होतं, म्हणून तो बंदच.

घरातल्या इतरांच्या मोबाइललाही हेच लागू. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, आयफोनवर AE/AF LOCK असं येईल, मग बाजूचं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, कपाळावर त्वचा दिसेपर्यंत. नाइट मोड बंद, कारण तो बऱ्याच वेळाचे फोटो एकत्र करतो आणि ठिणग्यांचा चिवडा होतो.

शेवटचं तुमच्या लेन्सबद्दल. पुढे संरक्षणाचा काचेचा फिल्टर लावलेला असेल तर फुलबाजी पेटायच्या आधी काढून ठेवा. नाहीतर फोटोत मध्याच्या बरोबर पलीकडे फुलबाजीचं एक मंद, उलटं भूत येतं, बऱ्याचदा हिरवट, आणि ते नेमकं कुणाच्या तरी तोंडावर बसतं.